पाच हजारांच्या गिफ्ट कार्डात १,४९१ रुपये ८० पैसे कसे अडकले?

ठाण्यात नौपाड्यात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका काकूंचं हे प्रकरण आहे. रक्कम मोठी नाही. पण गिफ्ट कार्डाच्या बाबतीत ग्राहकाचा हिशेब आणि दुकानाच्या कॉम्प्युटरचा हिशेब कुठे वेगळा होतो, ते सगळं या एका व्यवहारात सापडतं. मी किरकोळ विक्रीच्या हिशेब विभागात काम करतो, म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, "माझ्या हिशेबाने यात तीन रुपये हवेत. हे चौदाशे एक्क्याण्णव आले कुठून? आणि आले तर वापरता का येत नाहीत?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त होते, आणि त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली होती.

काकूंच्या मुलाने २०२३ च्या दिवाळीआधी त्यांना कपड्यांच्या एका मोठ्या दुकानसाखळीचं ५,००० रुपयांचं ई-गिफ्ट कार्ड पाठवलं होतं. कार्ड तयार झालं ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि मुदत होती ५ नोव्हेंबर २०२४ पर्यंत. काकूंनी ते वर्षभर जपून ठेवलं आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगतच्या मॉलमधल्या दुकानात जाऊन वापरलं. साडी २,२९९ ची, चादरींचा संच १,५९९ चा आणि नातवासाठी कुर्ता-पायजमा १,०९९ चा. बेरीज ४,९९७. शाळेत गणित शिकवलेलं असल्यामुळे त्यांनी कपडे निवडतानाच बेरीज केली होती. कार्डातले तीन रुपये वाया जातील, ते गेले तर जाऊ देत, असं म्हणून त्या काउंटरवर गेल्या.

काउंटरवर दसऱ्याची सूट चालू होती. ४,००० रुपयांच्या वर खरेदी केली की १० टक्के कमी. काकूंना ती माहीत नव्हती आणि गर्दीत कॅशियरनेही काही सांगितलं नाही. बिलात सूट आपोआप लागली, ४९९ रुपये ७० पैशांची. त्यामुळे कार्डातून ४,९९७ नाही, तर ४,४९७ रुपये ३० पैसे वळते झाले आणि कार्डात ५०२ रुपये ७० पैसे उरले. बिलाच्या तळाशी ही शिल्लक छापलेली होती. पण काकूंच्या मनात कार्ड संपलेलं होतं. त्यांनी बिल पिशवीत टाकलं आणि कार्डाच्या ईमेलकडे पुन्हा पाहिलं नाही.

कार्डात शिल्लक राहण्याचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे. गिफ्ट कार्ड म्हणजे सूट नव्हे, ते पैसे देण्याचं साधन आहे. बिल करताना कॉम्प्युटर आधी वस्तूंच्या किमती घेतो, मग त्यांवर सूट लावतो, आणि जी रक्कम देय ठरते ती कोणत्या साधनाने भरायची हे शेवटी विचारतो. रोख, यूपीआय, बँकेचं कार्ड, गिफ्ट कार्ड ही सगळी त्या शेवटच्या पायरीवरची नावं. म्हणून छापील किमतींची बेरीज करून कार्ड संपवायला जाणाऱ्या ग्राहकाची सूट त्याच्या खिशात येत नाही, ती कार्डात मागे राहते. रोखीने खरेदी केली असती तर काकूंच्या पाकिटात पाचशेची नोट वाचली असती. कार्डाने केल्यामुळे तीच बचत त्या दुकानापुरती बांधली गेली आणि तिला मुदतीचा शिक्काही लागला. मुदत संपायला तेव्हा अवघे २४ दिवस होते.

पैशांचंही असंच आहे. रोख घेताना दुकान बिल पूर्ण रुपयांत आणतं, कारण सुटे पैसे कोणाकडेच नसतात. कार्डातून मात्र ४,४९७.३० म्हणजे बरोबर ४,४९७.३० च जातात. म्हणून कार्डात ७० पैसे, ४० पैसे अशी शेपटं राहतात.

आता प्रकरणाचा दुसरा भाग. दिवाळीत नातू आला आणि कुर्ता-पायजमा त्याला लहान झाला. दुकानाची परत घेण्याची मुदत ३० दिवसांची होती. काकू ९ नोव्हेंबरला, म्हणजे मुदतीच्या आत, बिल आणि लेबल लावलेला कपडा घेऊन गेल्या. मोठा साइझ संपला होता, म्हणून दुकानाने कपडा परत घेतला आणि एक पावती दिली. त्यावर रक्कम होती ९८९ रुपये १० पैसे. काकू म्हणाल्या, कपडा तर १,०९९ चा आहे. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की सूट वजा झाली आहे.

ते बरोबर होतं. १० टक्के सूट तिन्ही वस्तूंवर वाटली गेली होती. साडीवर २२९.९०, चादरींवर १५९.९० आणि कुर्त्यावर १०९.९०. काकूंनी कुर्त्यासाठी खरोखर भरले ते ९८९.१०, म्हणून परतही तेवढेच. एका परीने त्या सुदैवी ठरल्या. उरलेली साडी आणि चादर मिळून ३,८९८ होतात, म्हणजे ४,००० च्या अटीखाली. काही दुकानांच्या अटींत असं लिहिलेलं असतं की वस्तू परत केल्यावर उरलेली खरेदी किमान रकमेखाली गेली तर पूर्ण बिलाची सूट मागे घेतली जाईल. तसं असतं तर दुकानाने घरी राहिलेल्या वस्तूंचे पूर्ण ३,८९८ धरले असते आणि परत मिळाले असते फक्त ५९९ रुपये ३० पैसे. तोच कपडा, तेच बिल, आणि फरक ३८९ रुपये ८० पैशांचा. कोणती पद्धत लागू आहे ते ऑफरच्या अटींत लिहिलेलं असतं. परत करायला जाण्याआधी ती ओळ वाचावी, कारण कधीकधी परत करण्यापेक्षा बदलून दुसरं काही घेणं फायद्याचं ठरतं.

मग ते ९८९.१० गेले कुठे? पावतीवर लिहिलं होतं, 'गिफ्ट कार्डात जमा'. काकूंनी त्याचा अर्थ घेतला की कार्ड पुन्हा चालू झालं, नवीन पैसे आले म्हणजे नवीन मुदतही आली असणार. नोव्हेंबरच्या शेवटी त्या पुन्हा दुकानात गेल्या, टॉवेल घेतले, कार्ड नंबर सांगितला आणि कॉम्प्युटरने उत्तर दिलं की कार्डाची मुदत संपली आहे. घरी येऊन त्यांनी मुलाकडून शिल्लक तपासून घेतली. कार्ड नंबर आणि पिन टाकल्यावर पडद्यावर आलं: शिल्लक १,४९१.८०, मुदत संपली ५ नोव्हेंबर २०२४.

म्हणजे दसऱ्याला नकळत उरलेले ५०२.७० आणि परतीचे ९८९.१०, एकूण १,४९१.८०. कपडा परत केला त्या दिवशीच कार्ड मेलेलं होतं. पैसे त्यात गेले, बाहेर येण्याचं दार मात्र चार दिवस आधी बंद झालं होतं.

इथे दुकानाला दोष देण्याचा मोह होतो, पण पैसे त्याच कार्डात पाठवण्यामागे नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी प्रीपेड साधनांबद्दल, म्हणजे गिफ्ट कार्डासारख्या आधी पैसे भरून नंतर वापरायच्या साधनांबद्दल, जे मुख्य निर्देश काढले, त्यांत असं आहे की परत झालेल्या किंवा रद्द झालेल्या व्यवहाराचे पैसे, मूळ व्यवहारात ज्या प्रमाणात त्या साधनातून गेले होते त्या प्रमाणात, त्याच साधनात लगेच जमा करायचे. आला तिथे परत गेला, एवढं साधं तत्त्व. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. नाहीतर कोणीही गिफ्ट कार्डाने खरेदी करून, वस्तू परत करून, कार्डाची रोख करून घेईल.

आणि मुदत का वाढली नाही? या निर्देशांनुसार प्रीपेड साधनाची मुदत शेवटच्या भरण्यापासून कमीत कमी एक वर्ष असावी लागते. गिफ्ट कार्ड एकदाच भरलं जातं, पुन्हा भरता येत नाही. परतीचे पैसे हा नवा भरणा धरला जात नाही, तो जुना खर्च उलटा फिरवणं आहे. म्हणून तारीख पहिल्या भरण्यालाच चिकटून राहते.

काकूंनी सगळे पैसे एकाच कार्डातून भरले होते, म्हणून हिशेब सरळ आहे. अर्धे कार्ड, अर्धे यूपीआय असं केलं असतं तर गुंता वाढला असता. समजा त्याच बिलात कार्डातून ३,००० आणि यूपीआयने १,४९७.३० भरले असते. पुष्कळ दुकानांची प्रणाली परतीची रक्कम त्याच प्रमाणात वाटते. ९८९.१० पैकी ६५९.८० कार्डात आणि ३२९.३० बँकखात्यात गेले असते. काही प्रणाली आधी कार्डाचा वाटा पूर्ण करतात, मग सगळेच ९८९.१० कार्डात गेले असते. ग्राहकाला वाटतं की आपण यूपीआयचे पैसे कुर्त्यासाठीच दिले. बिलात तसं कुठेच नसतं. पैसे भरण्याचं साधन पूर्ण बिलाला लागतं, एकेका वस्तूला नाही.

आता सोडवणुकीकडे. काकूंच्या हातात एक गोष्ट अशी होती जिने सगळं प्रकरण पालटलं, आणि ती होती कार्डाच्या मूळ ईमेलची शेवटची ओळ. वर मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव होतं, रंगीत दिवे होते, 'शुभ दीपावली' होतं. सर्वांत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे कार्ड अमुक कंपनीने जारी केलं आहे आणि त्या कंपनीला प्रीपेड साधनं काढण्याची रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. म्हणजे कार्ड दिसायला दुकानाचं असलं तरी पैसे धरून ठेवणारी कंपनी वेगळी होती. काउंटरवरची मुलगी "आमच्या हातात काही नाही" म्हणाली ते खरंच होतं. तक्रार चुकीच्या दारात चालली होती.

परवानगीवाल्या कंपनीचं कार्ड असेल तर मुदत संपली म्हणून पैसे संपत नाहीत. निर्देशांमध्ये या बाबतीत तीन गोष्टी आहेत. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने एसएमएस, ईमेल किंवा अशाच मार्गाने सावध करायचं असतं. बँक नसलेल्या कंपनीला उरलेली शिल्लक, मुदत संपल्यापासून किमान तीन वर्षं आपल्या नफ्यात घेता येत नाही. आणि मुदत संपल्यावर धारकाने ते पैसे मागितले तर ते त्याच्या बँकखात्यात द्यायचे असतात. शिवाय गिफ्ट कार्डाचं, धारकाने मागणी केल्यावर, नव्याने वैधीकरण करता येतं, नवीन कार्ड देऊनसुद्धा.

यातल्या पहिल्या गोष्टीचं या प्रकरणात काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. सावधगिरीचे ईमेल आले होते, पण मुलाकडे. कार्ड त्याने विकत घेतलं होतं आणि पत्ता त्याचाच नोंदला होता. त्याच्या इनबॉक्समध्ये ते जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडून होते. भेट म्हणून दिलेल्या कार्डाचं हे कायमचं दुखणं आहे. पैसे एकाचे, खरेदी दुसऱ्याची आणि सूचना मात्र पहिल्याकडेच. कार्ड पाठवताना घेणाऱ्याचा मोबाइल आणि ईमेल टाकण्याची सोय असेल तर ती वापरावी. एवढ्यानेच बरंच काही टळतं.

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. काकू म्हणाल्या, "अरे, चौदाशे रुपयांसाठी एवढं कशाला?" मी म्हटलं, "काकू, पैसे तुमचे आहेत आणि कागद सगळे हातात आहेत. आज नाही मागितले तर पुढे कागद सापडणार नाहीत." ईमेलला दसऱ्याचं बिल, परतीची पावती, शिल्लक दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो आणि काकूंच्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडला. कार्ड नंबर दिला, पिन दिला नाही. पिन कोणालाही, कंपनीलाही, द्यायचा नसतो. पत्रात दोनच वाक्यं महत्त्वाची होती. पहिलं, शिल्लक कशी झाली, आकड्यांसह. दुसरं, मुदत संपल्यानंतरची शिल्लक बँकखात्यात परत मिळावी, ही मागणी.

पहिलं उत्तर साचेबंद आलं: कार्डाची मुदत संपली असल्याने ते वापरता येणार नाही. आम्ही वापरायची मागणीच केली नव्हती. दुसऱ्या ईमेलमध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांची तारीख लिहिली आणि मागणी पुन्हा एका ओळीत मांडली. यावेळी माणसाने वाचलं असावं. कंपनीने खरेदीदाराची, म्हणजे मुलाची, संमती मागितली, कारण त्यांच्या नोंदीत नाव त्याचं होतं. त्याने आपल्या नोंदवलेल्या पत्त्यावरून संमती पाठवली आणि डिसेंबर संपायच्या आत १,४९१ रुपये ८० पैसे काकूंच्या खात्यात आले. ऐंशी पैशांसकट.

तसं झालं नसतं तर पुढचा रस्ताही ठरलेला होता. अशा कंपनीने तक्रार ३० दिवसांच्या आत निकाली काढायची असते. तेवढ्यात समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि फीही नाही.

हे सगळं लागू झालं ते मागे परवानगीवाली कंपनी होती म्हणून. दुकान स्वतःच कार्ड काढतं आणि ते फक्त त्याच दुकानात चालतं, तेव्हा त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि हे निर्देशही लागू होत नाहीत. कपडा परत केल्यावर मिळणारी क्रेडिट नोट याच प्रकारात येते. तिची मुदत दुकान ठरवतं, सहा महिने असेल किंवा ९० दिवसही. ती ओलांडली तर बँकखात्यात पैसे मागण्याचा तो तयार नियम तुमच्या बाजूने नसतो. मग राहतो ग्राहक कायद्याचा रस्ता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे काकूंना ठाण्यातच, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तिथे अट अन्यायकारक होती हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. वेळ लागतो, आणि निकाल अटींच्या शब्दांवर बराच अवलंबून राहतो.

म्हणूनच ९ नोव्हेंबरच्या त्या काउंटरवरचा प्रसंग मला पुन्हा तपासावासा वाटतो. त्या दिवशी काकूंनी आग्रह धरला असता, तर दुकानाने कदाचित कार्डाऐवजी क्रेडिट नोट दिली असती. ९८९.१० ची नोट घेऊन त्याच दिवशी टॉवेल घेता आले असते आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. मोठा साइझ असता तर अदलाबदल झाली असती, आणि तीत कार्डाच्या मुदतीचा प्रश्नच आला नसता. पण क्रेडिट नोट घेऊन त्या घरी गेल्या असत्या आणि ती कपाटात राहिली असती, तर ती मुदतीनंतर परत मिळवणं या कार्डापेक्षा कितीतरी अवघड गेलं असतं. लगेच खर्च करायचं असेल तर नोट बरी. थांबायचं असेल तर पैसे परवानगीवाल्या कार्डात असणं अधिक सुरक्षित, मग ते कार्ड मुदत संपलेलं का असेना. मला स्वतःला हे विचित्र वाटतं, पण आजच्या नियमांत ते असं आहे.

आणखी एक जात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. काही व्हाउचर एकदाच वापरायचे असतात. एक हजाराचं व्हाउचर ८५० च्या बिलाला दिलं की १५० गेले. तिथे शिल्लक उरतच नाही. अटींत 'एका व्यवहारात पूर्ण वापर' अशा अर्थाची ओळ असते. ती दिसली की बिल व्हाउचरच्या रकमेपेक्षा थोडं जास्तच होऊ द्यावं आणि वरचे पैसे यूपीआयने भरावेत. तीच युक्ती साध्या कार्डाची शेपटी संपवायलाही चालते. काकूंना दसऱ्याला शिल्लक ५०२.७० दिसली असती, तर सहाशेचा एखादा रुमालांचा संच आणि ९७ रुपये ३० पैसे यूपीआयने, एवढ्यात कार्ड शून्यावर आलं असतं.

काकूंच्या कार्डाची मुदत ५ नोव्हेंबर २०२४ ला संपली होती, म्हणजे ती शिल्लक कंपनीला ५ नोव्हेंबर २०२७ पर्यंत तरी नफ्यात घेता आली नसती. निर्देशांतली परतीची तरतूद मुदतीनंतर कधीही मागणी केली तरी लागू होते. पण तोवर जुना ईमेल आणि बिल जपलेलं असलं पाहिजे, आणि दुकानाच्या थर्मल कागदावरची छपाई तर लवकर उडते. काकूंचं दसऱ्याचं बिल नोव्हेंबरअखेरीसच कडेला फिकट पडलं होतं. आता बिल हातात आलं की त्या दुकानातच त्याचा फोटो काढतात आणि तळाच्या शिल्लकीच्या ओळीवर बोट ठेवून कॅशियरकडून ती वाचून घेतात.